रनिंग वाढवल्यापासून पाळी बंद

प्रश्न: मॅरेथॉनची तयारी करतेय, वजन ५० किलो, ५ महिने पाळी नाही. गोळ्या घेऊन सुरू करू का?

गोळ्यांनी ब्लीडिंग होईल, पण ते गोळ्यांचं, ओव्ह्युलेशन काही परत येत नाही त्याने. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टरांकडून थायरॉइड, प्रोलॅक्टिन बघून घे, ते नॉर्मल असेल तर बहुतेक खाणं कमी पडतंय.

हिशोब असा, समज चरबी सोडून तुझं वजन ४० किलो, खातेस १६०० कॅलरी, रनिंगमध्ये जातात ५००, म्हणजे बाकी शरीराला उरल्या ११००, किलोमागे साधारण २७. ३० च्या खाली गेलं की मेंदू ओव्हरीला सिग्नल देणं कमी करतो (प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा असतो) आणि अंडं तयारच होत नाही. किलोमागे ४५ धरलं तर रनिंगच्या ५०० मिळून तुला रोज २३०० लागतील, म्हणजे ७०० जास्त, किंवा थोडं खाणं वाढव थोडं रनिंग कमी कर. वजन स्थिर आहे म्हणून पुरेसं खातेय असं समजू नकोस, शरीर खर्च कापून वजन टिकवतं.

पाळी यायला काही महिने लागतात, आणि हो, ओव्ह्युलेशन पाळीच्या आधी होतं, त्यामुळे पाळी नसतानाही दिवस राहू शकतात.