खोली ‘रिकामी’ करावी की ‘सोडावी’?

“कोकणातल्या आमच्या छोट्या हॉटेलसाठी खोलीत ठेवायची मराठी-इंग्रजी माहितीपत्रिका करतेय. चेक-आउटला मराठीत काय म्हणू? ‘सकाळी ११ पर्यंत खोली रिकामी करावी’ चालेल का? जेवणाच्या वेळा आणि आपत्कालीन फोन कसे लिहू?”

शीर्षकात ‘चेक-आउट’च ठेवा. ‘प्रस्थान’ म्हटलं की रेल्वे स्टेशन आठवतं आणि ‘निर्गमन’ काउंटरवर कुणाच्या तोंडी येत नाही. खालचं वाक्य मात्र मराठी वळणाचं हवं, आणि तिथे ‘रिकामी करावी’ नको. जागा रिकामी करायला भाडेकरूला सांगतात, तेही बहुधा वकिलामार्फत. पाहुण्याला आपण “रूम किती वाजता सोडणार?” असंच विचारतो, म्हणून ‘खोली सोडावी’.

आता ‘पर्यंत’. ‘११ पर्यंत थांबता येईल’ आणि ‘११ पर्यंत सोडावी’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘अन्टिल’ लागतं, दुसऱ्याला ‘बाय’. मराठी मजकूर समोर ठेवून इंग्रजी लिहिणारे हमखास ‘चेक-आउट अन्टिल इलेव्हन’ लिहितात. ‘बाय’ लिहा. मराठीत ‘११ वाजेपर्यंत’ असं पूर्ण लिहिलं की वाचताना अडत नाही. उशिराचा नियमही त्याच ओळीला जोडून द्या, पण ‘अतिरिक्त शुल्क आकारण्यात येईल’ असा सरकारी थाट नको. तो वाचून पाहुण्याला किती पैसे ते कळत नाहीच. समजा, तुमच्याकडे दुपारी ४ पर्यंत अर्धं भाडं घेतात. मग असं लिहा:

‘खोली सकाळी ११ वाजेपर्यंत सोडावी. त्यानंतर दुपारी ४ वाजेपर्यंत थांबल्यास अर्ध्या दिवसाचे भाडे लागेल, ४ नंतर पूर्ण दिवसाचे.’

‘लागेल’ या एका क्रियापदाने काम भागतं. एकदा ‘सोडावी’ धरलंत की पुढेही ‘सांगावे’, ‘ठेवावे’ हेच रूप चालवा. मध्येच ‘किल्ली द्या’ आलं की आवाज बदलतो. प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ही नको, ‘-वे’मध्ये ती विनंती आहेच.

जेवणाच्या बाबतीत ‘नाश्ता ८ ते १०’ ही ओळ अर्धवट आहे. दहाला पाच कमी असताना खाली आलेल्या कुटुंबाला पोहे मिळणार की नाही? ‘शेवटची ऑर्डर पावणेदहाला’ असं लिहिलंत तर वाद उरत नाही. दुपार-रात्रीसाठी मराठीत ए.एम.-पी.एम. लागत नाही, ‘दुपारी १२’ पुरेसं स्पष्ट आहे. इंग्रजीत मात्र ‘ट्वेल्व्ह पी.एम.’वर लोक अडखळतात, तिथे ‘नून’ लिहा. कोकणात खरी मेख वेगळीच असते. मासळी सांगाल तशी आणायची, त्यामुळे जेवण आधी ‘सांगावं’ लागतं. आपल्याला ‘जेवण सांगणे’ म्हणजे काय ते लगेच कळतं, पण इंग्रजीत ‘टेल’ लिहून उपयोग नाही, ‘ऑर्डर’च हवं. ‘रात्रीचे जेवण हवे असल्यास संध्याकाळी ५ वाजेपर्यंत सांगावे’ ही ओळ वेळांच्या खाली बारीक अक्षरात न टाकता वेळांच्या वर घ्या. ती चुकली तर पाहुणा उपाशी राहतो. (नाश्ता की नाष्टा? प्रमाण रूप ‘नाश्ता’. पाटीवर ‘नाष्टा’ दिसला तरी माझी भूक मरत नाही.)

फोनच्या भागाला ‘आणीबाणी’ म्हणू नका, त्या शब्दाने १९७५ आठवतं. ‘आपत्कालीन’ बरोबर आहे, पण घाबरलेल्या माणसाला ‘तातडीची मदत’ लवकर दिसेल. सगळ्यात वर रात्री फोन उचलणाऱ्या तुमच्या माणसाचा नंबर, मग 112 (पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळ्याला एकच), रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमनासाठी 101. हे आकडे मराठी रकान्यातही इंग्रजीच ठेवा. बाकी मजकूर देवनागरी अंकांत असू दे, पण फोन फिरवायचा असतो आणि परप्रांतीय पाहुण्याला मराठी १ हा इंग्रजी 9 वाटतो, मराठी ४ हा 8.

या नंबरांशेजारी पूर्ण पत्ता छापा, कारण फोन करणाऱ्याला आपण नेमके कुठे आहोत ते ठाऊक नसतं. “बीचजवळच्या हॉटेलात” एवढ्यावर गाडी पोचत नाही. गाव, वाडी, तालुका, जिल्हा आणि रस्त्यावरून दिसणारी एक खूण द्या. गावाच्या नावात ‘खुर्द’ किंवा ‘बुद्रुक’ असेल तर ते गाळू नका, नाहीतर रुग्णवाहिका शेजारच्या गावात जाईल. इंग्रजी रकान्यात पत्त्याचं भाषांतर करू नका, ‘वरची वाडी’ची ‘अपर हॅम्लेट’ केलीत तर गावात कुणीच ती दाखवू शकणार नाही. मराठी उच्चार रोमन लिपीत लिहा, म्हणजे मराठी न येणारा पाहुणाही तो फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवेल. ‘मु. पो.’चं तेवढं ‘ॲट पोस्ट’ करा, ते रूढ आहे.