प्रोबेशन वाढवण्याचे पत्र लिहिताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. मशीन शॉपमधल्या त्या तपासनिसाला कायम करायचे की त्याचे प्रोबेशन वाढवायचे, हा निर्णय मुख्यतः तुमच्या व्यवस्थापकांचा आहे. पण पत्र तुझ्या सहीने जाणार असल्यामुळे त्यातल्या प्रत्येक शब्दाचे उत्तर उद्या तुलाच द्यावे लागेल. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कायम करण्याचे पत्र चार ओळींचे असते आणि तसेच असावे. कोणत्या तारखेपासून कायम, नोटिशीची मुदत आता किती, नेमणूकपत्रातल्या बाकीच्या अटी तशाच चालू, एवढे पुरे. त्यात ‘यापुढे कामात सुधारणा कराल या अपेक्षेने’ असली शेपटी जोडू नकोस, कारण अट घालून कायम केलेला माणूस नक्की कायम आहे की नाही, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांत अजूनही ‘कन्फर्म झाल्यावर पीएफ’ असे सर्रास बोलले जाते. भविष्यनिर्वाह निधीचा कन्फर्मेशनशी काही संबंध नाही; तो पात्र कामगाराला रुजू झाल्या दिवसापासून लागू होतो. तुमच्या छापील नमुन्यात ते वाक्य असेल, तर आधी काढून टाक.

मुदतवाढीच्या पत्राचे तसे नाही. कायम झालेल्याला ‘का’ असा प्रश्न पडत नाही, मुदत वाढलेल्याला पहिला प्रश्न तोच पडतो. पण कारणांकडे वळण्याआधी तारीख पाहा. हा मुलगा १५ जानेवारीला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर रुजू झाला, म्हणजे त्याची मुदत १४ जुलैला संपते आणि पत्र त्या दिवसापर्यंत त्याच्या हातात पडायला हवे. तुझ्या मसुद्यावर १८ जुलै ही तारीख आहे. मुदत संपूनही माणूस कामावर राहिला, तर तो आपोआप कायम होतोच असे नाही. नेमणूकपत्रात किंवा नियमांत काय लिहिले आहे, त्यावर ते ठरते. पंजाब सरकार विरुद्ध धरम सिंग या १९६८ च्या निकालात नियमांनीच प्रोबेशनची कमाल मर्यादा तीन वर्षे ठरवलेली होती. ती उलटल्यावरही माणसाला कामावर ठेवले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला कायम मानले. तुमच्या नेमणूकपत्रात ‘जास्तीत जास्त आणखी तीन महिने’ असे शब्द आहेत, ती तुमची कमाल मर्यादा समज. शिवाय तपासनीस कामगार या वर्गात येत असेल आणि तुमच्याकडे प्रमाणित स्थायी आदेश असतील, तर प्रोबेशनचा काळ त्यात काय दिला आहे ते आधी पाहा. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या १९७३ च्या प्रकरणात स्थायी आदेशांत दोनच महिने होते आणि पहारेकऱ्याच्या नेमणूकपत्रात सहा लिहिले होते. न्यायालयाने ते सहा महिने मानले नाहीत.

आता कारणे. तू तीन लिहिली आहेस: ‘कामगिरी असमाधानकारक’, ‘वर्तन बेजबाबदार’ आणि ‘संवादकौशल्य अपुरे’. हे तिन्ही शब्द सुपरवायझरने तोंडी सांगितले आणि तू ते तसेच उतरवून घेतलेस, असे मला वाटते. मसुद्याबरोबर तू तपासणीचे तक्ते आणि त्याची फाईल पाठवलीस हे बरे केलेस, कारण त्यांत दिसणारी हकीगत वेगळी आहे.

कामगिरीपासून सुरू करू. मे आणि जून मिळून त्याच्या ४८ पाळ्या भरल्या आणि त्यांपैकी १७ पाळ्यांत पहिल्या नगाच्या तपासणीची नोंद तक्त्यावर नाही. ही खरी उणीव आहे. पहिला नग न मोजता मशीन चालू दिली आणि सेटिंग चुकलेले असले, तर ते कळेपर्यंत अर्धी पाळी वाया गेलेली असते. पण याच फाईलमध्ये एक चिठ्ठी आहे: २८ मे रोजी त्याला याबद्दल समज दिली होती. तक्ते त्या तारखेला दोन भागांत मोजून पाहिले. समज देण्यापूर्वीच्या २४ पाळ्यांत ११ नोंदी नाहीत, नंतरच्या २४ पाळ्यांत ६. म्हणजे तो सुधारतो आहे, पण अजून पुरेसा नाही. मुदत वाढवण्याचे याहून प्रामाणिक कारण मिळणार नाही, आणि ‘असमाधानकारक’ या एका शब्दाने तू तेच झाकून टाकलेस.

ग्राहकाकडून परत आलेल्या दोन लॉटचा उल्लेखही तू केला आहेस. त्यांपैकी एका लॉटमध्ये बोअर मोठा निघाला, आणि त्या दिवशी वापरलेल्या प्लग गेजची कॅलिब्रेशनची तारीख आधीच उलटून गेली होती. गेज वेळेवर कॅलिब्रेशनला पाठवणे हे त्याचे काम नव्हे, ते गेजरूमचे काम. तो लॉट पत्रातून काढ. दुसऱ्या लॉटच्या तक्त्यावर मात्र पहिल्या नगाची नोंद नाही, तो राहू दे.

‘बेजबाबदार’ या शब्दामागे काय आहे, हे शोधताना मला नऊ दिवसांचा उशीर सापडला. ते सगळे दिवस २० जून ते १० जुलै या काळातले आहेत आणि त्याआधीच्या पाच महिन्यांत एकही नाही. मुलगा खानापूर तालुक्यातून एसटीने येतो आणि तिकडचा पाऊस तुला सांगायला नको. शिवाय त्या उशिरापुरता पगार नियमाप्रमाणे कापला गेला आहे. ज्या गोष्टीचा हिशोब एकदा झाला, तीच पुन्हा मुदतवाढीचे कारण म्हणून लिहिणे मला योग्य वाटत नाही. आणि ‘बेजबाबदार’ हे तर वर्तनाचे वर्णनही नाही, तो माणसावर मारलेला शिक्का आहे. कुणावर खरोखर गैरवर्तनाचा संशय असेल, तर आरोपपत्र द्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. तो संशय मुदतवाढीच्या पत्रात आडवळणाने घुसवू नये. दीप्ती प्रकाश बॅनर्जी यांच्या १९९९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच फरकावर बोट ठेवले आहे: काम नीट जमत नाही म्हणून प्रोबेशनवरच्या माणसाला कमी करणे वेगळे, आणि पाठीमागे केलेल्या चौकशीतला ठपका पायाशी धरून कमी करणे वेगळे.

तिसऱ्या कारणावर थोडा जास्त थांबतो, कारण ते आपल्या भागाचे आहे. सुपरवायझर कन्नड बोलणारे, हा मुलगा घरी मराठी बोलणारा. त्याला कन्नड समजते, पण बोलताना अडखळतो. तपासनिसाच्या नेमणूकपत्रात कुठल्याही भाषेची अट नाही. मग ‘संवादकौशल्य अपुरे’ म्हणजे काय, असे तू सुपरवायझरांना विचारलेस का? मी काल फोनवर विचारले. त्यांची तक्रार भाषेची नव्हतीच. पाळी बदलताना कोणत्या मशीनवरचे नग अडकवून ठेवले आहेत, हे तो वहीत लिहीत नाही आणि पुढच्या पाळीला शोधत बसावे लागते, असे ते म्हणाले. मग तेवढेच लिही. त्या वहीत मशीन नंबर, नगांची संख्या आणि लाल चिठ्ठी लावली की नाही, एवढ्याच नोंदी करायच्या असतात. त्या मराठीत असोत की कन्नडमध्ये, काही अडत नाही. सीमाभागात ‘संवाद’ या शब्दाचा अर्थ लोक वेगळा लावतात, आणि ते चूक असतात असे मी म्हणणार नाही.

यावर तू विचारशील की एवढा कीस कशाला काढायचा, एक सर्वसाधारण वाक्य लिहिले तर काय बिघडते? काय बिघडते ते माझ्या हातून झालेले सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी निपाणीकडच्या एका मुलाला ‘कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही, सबब मुदत तीन महिने वाढवण्यात येत आहे’ असे पत्र दिले. मध्यंतरी त्याचा सुपरवायझर बदलला. तीन महिन्यांनी तो मुलगा माझ्यापुढे येऊन म्हणाला, “साहेब, अपेक्षा काय होती तेवढं सांगा, मी केलं की नाही ते मी सांगतो.” मला सांगता आले नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. १९८९ च्या डॉ. सुमती शेरे यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेबाबत हेच म्हटले होते की काम कुठे कमी पडते ते माणसाला आधी कळवायला हवे, नाहीतर तो सुधारणार कसा.

तेव्हा पत्राचा मधला भाग मी असा लिहिला असता:

‘मे व जून महिन्यांतील आपल्या ४८ पाळ्यांपैकी १७ पाळ्यांत पहिल्या नगाच्या तपासणीची नोंद आढळली नाही. २८ मे रोजी याबाबत आपणास समज दिल्यानंतर हे प्रमाण २४ पाळ्यांत ११ वरून २४ पाळ्यांत ६ इतके कमी झाले आहे, याची नोंद घेण्यात आली आहे. तसेच अडकवून ठेवलेल्या नगांची नोंद पाळी बदलाच्या वहीत नियमित होत नाही. या दोन बाबी पुरेशा काळ पाहता याव्यात म्हणून आपला प्रोबेशन काळ १४ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात येत आहे. या काळात प्रत्येक पाळीत दोन्ही नोंदी असणे अपेक्षित आहे. १४ ऑगस्ट रोजी आपल्यासोबत आढावा घेतला जाईल. आपले वेतन व इतर अटी पूर्वीप्रमाणेच राहतील.’

दोनच महिने लिहिले आहेत हे तुझ्या लक्षात आले असेल. नेमणूकपत्र तीन महिन्यांची मुभा देते म्हणून तीन घ्यायचे, ही सवय बरी नव्हे. रोज भरायचा तक्ता सुधारला की नाही, हे दोन महिन्यांत कळते. आजारपणामुळे किंवा बाळंतपणाच्या रजेमुळे काम पाहायलाच मिळाले नसते, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हाही फक्त ‘इतके दिवस काम पाहता आले नाही’ असेच लिहायचे असते, दोष म्हणून नाही. आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलायला कायद्याने मनाई आहे, हे लक्षात ठेव.

पत्र इंग्रजीत जाणार असेल, तर सोबत मराठी प्रत दे आणि ती त्याच्यासमोर वाचून दाखव. खाली त्याची सही ‘पत्र मिळाले’ या शब्दांखाली घे, ‘मान्य आहे’ याखाली नको. त्याला काही मान्य नसेल, तर ते लिहून देण्याचा त्याचा हक्क त्या सहीने जाता कामा नये.

१४ तारखेच्या आत पत्र त्याच्या हातात द्यायचे आहे, म्हणून नवा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत पाठव. परवा मी उद्यमबागेत येणार आहे. त्या दुसऱ्या लॉटचा मूळ तक्ता काढून ठेव. मला आलेली झेरॉक्स फिकट आहे, आणि पहिल्या नगाचा रकाना खरोखरच कोरा आहे की पेन्सिलीची नोंद उमटली नाही, ते एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो लॉट पत्रात ठेवू नये असे मला वाटते; म्हणूनच वरच्या मजकुरात मी तो घेतलेला नाही.

तुझा,
जुना सहकारी