व्हिब्रॅटो कसा करायचा आणि सूर स्थिर कधी ठेवायचा?

प्रश्न: व्हायोलिनवर व्हिब्रॅटो करताना सूर बेसूर होतो. काय चुकतंय? गाण्यातही असाच करायचा का?

उत्तर: बहुतेक वेळा बोट तारेवर घसरत असतं. बोटाचं टोक जागेवर रोवून ठेवा, नखाजवळचा सांधा सैल सोडा आणि बोट खुंट्यांकडे झुकवून मूळ सुरावर परत आणा. मेट्रोनोम ६० वर लावून ठोक्याला आधी दोन हेलकावे घ्या, जमले की तीन, मग चार. अंगठ्याने व्हायोलिनची मान आवळली की मनगट अडतं. खांद्यावरचं व्हायोलिनच हलत असेल, तर ओळखा की पकड घट्ट आहे.

गळ्यात व्हिब्रॅटो मुद्दाम हलवून आणायचा नसतो. श्वासाचा दाब समान आणि स्वरयंत्र सैल असलं की सेकंदाला साधारण ५ ते ७ हेलकावे आपोआप येतात. आरशात जबडा थरथरताना दिसला, तर तो व्हिब्रॅटो नव्हे, ताण आहे.

हिंदुस्थानी गायनात तंबोऱ्याशी षड्ज मिळवताना सूर सरळच लावा; हलता सूर नीट मिळालाय की नाही, हे कानाला कळत नाही. दरबारीच्या कोमल गंधारावरचं आंदोलन मात्र वेगळं: ते संथ असतं आणि रागाचाच भाग असतं.