मागच्या तारखेचं मुदतवाढीचं पत्र देऊ नका

वकीलसाहेब, मी सांगलीत कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघतो. एक ऑपरेटर 31 ऑगस्ट 2024 ला रुजू झाला. प्रोबेशन सहा महिने, पत्रात 'जास्तीत जास्त तीन महिने वाढवता येईल' असं आहे. फेब्रुवारीत तीन महिने वाढवले. आता जून उजाडला, तो कामावरच आहे. मालक म्हणतात, मे महिन्याची तारीख टाकून आणखी मुदतवाढ दे. काय करू? शिवाय साठ जणांच्या तारखा शीटमध्ये चुकतायत.

ते पत्र देऊ नका. एक्सटेन्शन जुनी मुदत संपायच्या आत द्यायचं असतं आणि त्यावर कामगाराची सही-तारखेची पोच लागते. मागची तारीख कोर्टात ईमेल आणि आवक-जावक रजिस्टरमधून उघडी पडते, आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

तो आपोआप कायम झाला का, हे नेमणूकपत्राच्या शब्दांवर ठरतं. नुसती मुदत संपली म्हणून कुणी कायम होत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण कमाल मर्यादा ठरलेली असताना तिच्यापुढे कामावर ठेवलं, तर माणूस कायम झाला असं मानता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली धरम सिंग प्रकरणात म्हटलं. 2001 च्या सत्यनारायण झवर निकालाने त्याला अपवादही सांगितला: मर्यादा असूनही कन्फर्मेशनचा लेखी आदेश किंवा परीक्षा ही अटच असेल, तर आपोआप काही होत नाही. दोन्ही निकाल सरकारी सेवानियमांवरचे आहेत, पण खासगी पत्र वाचतानाही हाच विचार होतो. तेव्हा 'लेखी आदेशाशिवाय कायम समजू नये' हे वाक्य तुमच्या पत्रात आहे का, ते आज बघा. कारखान्याला स्थायी आदेश लागू असतील तर त्यांतली मुदत आधी तपासा. पत्र त्याविरुद्ध जाऊ शकत नाही.

काम चांगलं असेल, तर 31 मे 2025 पासून कायम केल्याचं पत्र आजच्या तारखेने द्या. काढायचंच असेल, तर त्याला प्रोबेशनर समजून एका ओळीच्या पत्राने काढू नका.

शीटमधली चूक बहुधा साखळीची आहे. 31 ऑगस्टमध्ये सहा महिने मिळवले की 28 फेब्रुवारी येते, आणि तिच्यात पुढचे तीन मिळवले की 28 मे. पण रुजू तारखेपासून थेट नऊ मोजले तर 31 मे येते. म्हणून दर वेळी रुजू तारखेपासूनच मोजा. B मध्ये रुजू तारीख, C मध्ये मूळ महिने, D मध्ये वाढीव महिने, E मध्ये एक्सटेन्शन पत्राच्या पोचेची तारीख:

```
F2: =EDATE(B2,C2)-1
G2: =EDATE(B2,C2+D2)-1
H2: =IF(E2>F2,"उशीर","")
```

या ऑपरेटरचा G2 30 मे दाखवेल. कन्फर्मेशनची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी. महिनाअखेरीला रुजू झालेल्यांची तारीख कधी एक दिवस आधीची येते (त्याची F2 27 फेब्रुवारी दाखवेल). ती तशीच ठेवा, निर्णय एक दिवस लवकर झाल्याने बिघडत नाही. बिनपगारी रजेचे दिवस पत्रात तसं लिहिलं असेल तरच मिळवा. D मध्ये आकडा मात्र पोच हातात आल्यावरच भरा, साहेब तोंडी 'वाढवलं' म्हणाले म्हणून नको.