‘विवाद से विश्वास’मध्ये नोटिशीतली पूर्ण रक्कम भरावी लागते का?

प्रश्न: इन्कम टॅक्सची केस अपिलात 2020 पासून पडून आहे. ‘विवाद से विश्वास’सारखी योजना येते तेव्हा नोटिशीतली सगळी रक्कम भरावी लागते का? भरायची रक्कम कशी काढतात आणि खरा फायदा कोणाला होतो?

उत्तर:

नाही, सगळी भरावी लागत नाही. ‘विवाद से विश्वास’ ही केंद्र सरकारची योजना, त्यात ठरलेली रक्कम भरून इन्कम टॅक्सचं अपिलातलं प्रकरण मिटवता येतं. डिमांड नोटिशीच्या तळाशी जो आकडा असतो त्यात कर आणि व्याज एकत्र असतं. योजनेत मोजायला सुरुवात होते ती त्यातल्या फक्त वादातल्या करापासून. मी करसल्लागार आहे आणि माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं तळाचा आकडा बघूनच घाबरलेली असतात, म्हणून आधी हे सांगितलं.

2024 ची योजना धरून सांगतो. ती 1 ऑक्टोबर 2024 ला लागू झाली आणि अर्जाची मुदत 30 एप्रिल 2025 ला संपली, म्हणजे आज त्यात जाता येणार नाही. पण 2020 च्या योजनेचा सांगाडाही जवळपास असाच होता. त्यामुळे हे गणित एकदा नीट कळलं की पुढे अशी योजना आली तर काय तपासायचं ते तुम्हाला माहीत असेल.

वादातला कर म्हणजे काय? तुम्ही अपील हरलात असं समजायचं आणि त्या अपिलातल्या मुद्द्यांमुळे किती कर जास्त लागला असता ते काढायचं. अधिभार आणि उपकर त्यात धरायचा, व्याज आणि दंड धरायचा नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. एका व्यापाऱ्याचं आर्थिक वर्ष 2016-17 चं विवरणपत्र 14 लाखांच्या उत्पन्नाचं होतं. अधिकाऱ्याने काही खर्च नामंजूर केले आणि 10 लाख उत्पन्नात वाढवले. तो आधीच 30 टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे कर 3,00,000 आणि त्यावर तेव्हाचा 3 टक्के उपकर 9,000, मिळून 3,09,000. हा झाला वादातला कर. आदेश निघाला डिसेंबर 2019 मध्ये. आगाऊ कर कमी भरल्याचं कलम 234बी चं व्याज एप्रिल 2017 पासून महिन्याला 1 टक्का, असं 33 महिन्यांचं 1,01,970 झालं. म्हणून नोटिशीवर 4,10,970 रुपये आले.

त्याने जानेवारी 2020 मध्ये आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील केलं आणि वसुलीला स्थगिती मिळवण्यासाठी मागणीच्या 20 टक्के, म्हणजे ढोबळमानाने 82,200 रुपये भरले. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. स्थगितीमुळे वसुली थांबते, व्याज थांबत नाही. उरलेल्या 3,28,770 रुपयांवर कलम 220(2) प्रमाणे महिन्याला 1 टक्का चढतच राहतो. डिसेंबर 2024 पर्यंत ते व्याज सुमारे 1 लाख 95 हजार झालं. शिवाय कलम 270ए चा दंड डोक्यावर होताच. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल तो कराच्या निम्मा असतो, म्हणजे 1,54,500. अपील चालू असताना तो सहसा थांबवून ठेवलेला असतो, पण हरलं की लागतोच. सगळं मिळून हरण्याची किंमत 7 लाख 60 हजारांच्या घरात गेली. मूळ कर 3,09,000 होता हे लक्षात घ्या.

आता योजनेतला हिशोब. 31 जानेवारी 2020 नंतर दाखल झालेल्या अपिलाला वादातल्या कराच्या 100 टक्के आणि त्या तारखेला किंवा आधीपासून त्याच मंचासमोर, म्हणजे त्याच आयुक्त, ट्रायब्युनल किंवा न्यायालयासमोर, पडून असलेल्या अपिलाला 110 टक्के, असा दर होता. जुन्यांना 10 टक्के जास्त, कारण 2020 च्या योजनेची संधी त्यांनी सोडली होती. हा दर 31 जानेवारी 2025 पर्यंत अर्ज करणाऱ्यांसाठी होता, त्यानंतर दोन्हीकडे आणखी 10 टक्के वाढले. आमच्या व्यापाऱ्याचं अपील जानेवारी 2020 चं आणि अजून आयुक्तांकडेच, म्हणून 110 टक्के: 3,39,900. त्यातून आधी भरलेले 82,200 वजा केले की प्रत्यक्ष भरायचे राहतात 2,57,700. दोन्ही प्रकारचं व्याज आणि दंड माफ.

तुमच्या बाबतीत तारीख बारकाईने बघायला हवी होती ती याचसाठी. तेच अपील फेब्रुवारी 2020 मध्ये दाखल झालं असतं तर 30,900 रुपये वाचले असते. आणि मधल्या काळात आयुक्तांचा निकाल लागून प्रकरण नव्याने ट्रायब्युनलसमोर गेलं असेल तर वाद जुना असला तरी त्या मंचासमोर अपील नवं, म्हणून 100 टक्केच. शिवाय 22 जुलै 2024 या दिवशी अपील प्रलंबित असणं ही मूळ अट होती. ज्यांनी अपीलच केलं नव्हतं त्यांच्यासाठी हे दार नव्हतं.

वाद फक्त दंडाचा किंवा फक्त व्याजाचा उरला असेल तर वेळेत अर्ज करणाऱ्या नव्या अपिलाला 25 टक्के आणि जुन्याला 30 टक्के भरायचे होते. हे ऐकून काही जण म्हणतात, मग दंडाचं तेवढं मिटवू आणि कराचं लढत राहू. तसं चालत नाही. कराचं अपील प्रलंबित असताना दंडाचं एकटं मिटवता येत नाही, मात्र कराचं मिटलं की त्यावरचा दंड आपोआप जातो. तसंच एका अपिलात पाच मुद्दे असतील तर त्यातला कमकुवत मुद्दा निवडून तेवढाच मिटवण्याची सोय नाही. अख्खं अपील मिटवावं लागतं, आणि जिंकण्याजोग्या मुद्द्याचा करही त्यात येतो.

निम्म्या दराची सवलत दोन ठिकाणी होती. एक, तुम्ही खाली जिंकलात आणि वर अपील खात्याने केलं आहे. दुसरी, त्याच मुद्द्यावर दुसऱ्या एखाद्या वर्षात ट्रायब्युनल किंवा उच्च न्यायालयाने तुमच्या बाजूने निकाल दिला आहे आणि तो वर फिरवला गेलेला नाही. ही दुसरी सवलत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या वर्षांच्या फायली काढून बघायच्या असतात, आणि अर्जाच्या गडबडीत तेच राहून जातं.

पण खात्याच्या अपिलात निम्मे भरण्याची घाई करू नये असं मी ठामपणे सांगेन. सप्टेंबर 2024 मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने खात्याच्या अपिलांसाठी मर्यादा वाढवल्या: ट्रायब्युनलला 60 लाख, उच्च न्यायालयाला 2 कोटी, सर्वोच्च न्यायालयाला 5 कोटी. वादातला कर याहून कमी असेल तर काही अपवाद सोडून खात्याने अपील करायचं नाही, आणि प्रलंबित असेल तर मागे घ्यायचं. आमचा व्यापारी आयुक्तांकडे जिंकला असता तर 3,09,000 साठी खात्याचं अपील टिकलंच नसतं. त्याने 1,54,500 भरण्याचं काही कारण नव्हतं.

मग फायदा कोणाला? मी एक साधा भागाकार करायला सांगतो. योजनेतली एकूण रक्कम भागिले हरलात तर लागणारी एकूण रक्कम. वरच्या उदाहरणात 3,39,900 भागिले सुमारे 7,60,000, म्हणजे अंदाजे 45 टक्के. हरण्याची शक्यता याहून जास्त वाटत असेल तर मिटवणं परवडतं, कमी वाटत असेल तर लढणं. वकिलाची फी आणि पुढच्या वर्षांचं व्याज धरलं तर हा आकडा आणखी खाली येतो. व्याज जितकं जुनं आणि दंड जितका मोठा, तितका फायदा जास्त. चुकीची माहिती दिल्याचा ठपका असेल तर दंड कराच्या 200 टक्के असतो, तिथे तर फार विचार करावा लागत नाही. ज्यांच्याकडे खर्चाची बिलंच नाहीत, ज्यांचे पुरवठादार आता सापडत नाहीत, अशांना मी मिटवा म्हणतो.

उलट कागद भक्कम असतील तर स्वतःच्या हक्काचा कर सोडून देऊ नये. आणि मागणीच चुकीने आली असेल, उदाहरणार्थ टीडीएसचं किंवा भरलेल्या चलनाचं श्रेय दिलेलं नसेल, तर तो वाद नव्हे, ती चूक आहे. त्यासाठी कलम 154 चा दुरुस्ती अर्ज करायचा. अशी मागणी योजनेत भरून मोकळं झालेले लोक मी पाहिले आहेत आणि वाईट वाटतं, कारण योजनेत भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आधी भरलेली रक्कम देय रकमेपेक्षा जास्त असेल तर फरक परत मिळतो, पण त्यावर व्याज मिळत नाही. धाड किंवा झडतीवरून झालेली आकारणी, त्या वर्षासाठी खटला दाखल झालेला असणं, परदेशातलं लपवलेलं उत्पन्न, हे सगळं 2024 च्या योजनेबाहेर होतं.

राज्याच्या अभय योजनांशी याची गल्लत करू नका. महाराष्ट्राच्या 2023 च्या योजनेत 30 जून 2017 पर्यंतच्या विक्रीकर आणि व्हॅटच्या थकबाकीत आदेशागणिक 2 लाखांपर्यंतची बाकी पूर्ण माफ होती आणि 50 लाखांपर्यंतच्या बाकीत 20 टक्के एकरकमी भरून मोकळं होता येत होतं. तिथे टक्के थकबाकीवर होते, इथे वादातल्या करावर.

अर्ज पोर्टलवर फॉर्म 1 मध्ये करायचा होता. अधिकारी 15 दिवसांत फॉर्म 2 चं प्रमाणपत्र देत, त्यात भरायची रक्कम असे. ते मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरून फॉर्म 3, आणि शेवटी प्रकरण मिटल्याचा आदेश फॉर्म 4 मध्ये. अडचण बहुतेक वेळा फॉर्म 2 वर येते. आधी भरलेली रक्कम वजा झालेली नसते, किंवा अपील जुनं धरून 110 टक्के लावलेले असतात. म्हणून प्रमाणपत्र हातात येण्याआधीच तुमचा हिशोब, अपील दाखल केल्याची पोच आणि सगळी चलनं एकत्र ठेवा. ते आल्यावर दुरुस्ती मागायला हातात फार दिवस नसतात.