अप्पांसाठी रेडिओ आणि सोबतची चिठ्ठी

“संक्रांतीला सोलापूरला जाणार आहे. अप्पांसाठी रेडिओ घेतलाय. बरीच वर्षं आमच्यात ‘जेवलात का, बरे आहात ना’ यापलीकडे बोलणं नाही. सोबत चार ओळी द्याव्यात असं वाटतं, पण लिहायला बसले की चार पानं होतात आणि ती फाडून टाकते. काय लिहू?”

हा प्रश्न घेऊन आलेल्या बाई पुण्यात नोकरी करतात. वडिलांची सगळी हयात सोलापुरात चादरीच्या मागावर गेली. बारावीनंतर मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवायला त्यांनी नकार दिला आणि तिथून दोघांचं बोलणं आटलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

फाडलेली चार पानं मला महत्त्वाची वाटली. ती चुकीची नव्हती, फक्त वडिलांसाठी नव्हती. म्हणून आधी ती पानं पुरती लिहून काढायला सांगितलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात अभ्यासलेली रीत साधी आहे: चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनात येईल ते सलग लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही आणि कुणाला दाखवायचं नाही. लिहून उठल्यावर थोडा वेळ जास्तच उदास वाटतं, हेही आधीच सांगून ठेवलं. नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही उघडत नाही.

त्यानंतर त्यांनी चिठ्ठीचा मसुदा आणला. त्यात एक वाक्य होतं, “तुम्ही मला शिकू दिलं नाहीत, तरी मी तुम्हाला माफ केलंय.” त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं. मी म्हटलं, हे अप्पांच्या जागी बसून वाचा. ज्यांनी माफी मागितलेली नाही, त्यांना त्यात आधी आरोप दिसतो आणि मग माफी. शेवटची ओळ होती, “आता तरी माझ्याशी मोकळेपणानं बोला.” म्हणजे रेडिओ हातात पडताच त्याच्यासोबत एक काम येऊन पडलं. ज्या माणसाला बोलणं जमत नाही, तो अशा वेळी भेटवस्तूच बाजूला ठेवून देतो.

मी एकच कसोटी दिली. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा: हे वाचून अप्पांना उत्तर द्यावं लागेल का? लागत असेल तर ते वाक्य चिठ्ठीतलं नव्हे. ते कधीतरी समोरासमोर बोलायचं. या कसोटीवर जवळजवळ सगळा मसुदा गळला. मग मी विचारलं, रेडिओच का घेतलात? त्या म्हणाल्या, दिवाळीत जुन्या रेडिओचं बटण निघालं होतं आणि अप्पा पकडीनं खुंटी फिरवत होते. हे त्यांना आईनं सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. चिठ्ठी इथून सुरू झाली:

“अप्पा,
दिवाळीत तुम्ही पकडीनं रेडिओ लावत होतात. या रेडिओची बटणं मोठी आहेत, आवाजही मोठा होतो. सोलापूर केंद्र लावून ठेवलंय.
लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम बघायला तुम्ही मला न्यायचात. मला समोर उभं करून माझे दोन्ही कान तळहातांनी झाकायचात. ते मला आठवतं.
तुमची मुलगी”

आठवण खरी हवी आणि नेमकी हवी. “तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत” हे कोणीही कोणालाही लिहू शकतं, आणि दुरावलेल्या माणसाला त्यातला पोकळपणा लगेच कळतो. ज्या घरात मारहाण झाली, दारूपायी हाल झाले, तिथे गोड आठवण ओढूनताणून आणू नये. तिथे वस्तूबद्दलची दोन वाक्यं पुरतात, आणि चिठ्ठी न लिहिणंही चालतं.

अक्षर मोठं काढा, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही किंवा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही, असंही सांगितलं. चिठ्ठी खोक्यात, रेडिओखाली ठेवायची. तिळगूळ घेताना सगळ्यांसमोर हातात द्यायची नाही आणि वाचेपर्यंत समोर बसायचं नाही.

संक्रांतीला अप्पा काहीच बोलले नाहीत. बाई निराश होऊन पुण्याला परतल्या. काही आठवड्यांनी आईच्या फोनवर अप्पा स्वतः आले आणि विचारलं, “यात सेल कुठले घालायचे?” बाईंनी मला विचारलं, आता चिठ्ठीचा विषय काढू का? मी म्हटलं, नको, सेलचंच सांगा. त्यांनी सांगितलं, आणि मग अप्पांनी पुण्यात थंडी किती आहे ते विचारलं. इंजिनिअरिंगचा विषय अजून निघालेला नाही. तो काढायचा की नाही, हे त्या उन्हाळ्यात सोलापूरला राहून आल्यावर ठरवणार आहेत.