फिफो आणि भारित सरासरीत समतुल्य युनिट वेगळे का येतात?

प्रश्न: प्रोसेस कॉस्टिंगमध्ये आकडे तेच असूनही फिफो आणि वेटेड ॲव्हरेजने इक्विव्हॅलंट युनिट वेगळे का येतात?

उत्तर: फरक फक्त सुरुवातीच्या अर्धवट मालाचा आहे. समजा, महिन्याच्या सुरुवातीला 200 नग मजुरी व इतर प्रक्रिया खर्चाच्या दृष्टीने 40% झालेले होते. महिन्यात 1,000 नग नव्याने घेतले, 900 पूर्ण झाले आणि 300 नग 50% अवस्थेत उरले.

वेटेड ॲव्हरेज मागच्या महिन्याचं काम वेगळं काढत नाही: 900 + 150 = 1,050.

फिफो फक्त या महिन्याचं काम मोजतं. जुन्या 200 नगांचं उरलेलं 60% म्हणजे 120, नवे घेऊन पूर्ण केलेले 700 आणि शेवटचे 150, एकूण 970. तफावत 80 नगांची, म्हणजे 200 चे 40%. उत्तर तपासायला हा ताळा पुरतो.

खरी गफलत दर काढताना होते. सुरुवातीच्या मालावरचा प्रक्रिया खर्च ₹1,600 आणि या महिन्याचा ₹21,340 धरा. फिफोत 21,340 ÷ 970 = ₹22. वेटेड ॲव्हरेजमध्ये दोन्ही खर्च मिळवून 22,940 ÷ 1,050 = सुमारे ₹21.85. फिफोच्या भागाकारात ते ₹1,600 घालायचे नाहीत. ते थेट पूर्ण झालेल्या जुन्या 200 नगांच्या किमतीत जातात.